अक्कलकोटची फेरी आणि एलटीएचा हिशेब

अक्कलकोटला जाणाऱ्या नोकरदार कुटुंबांचा एक ठरलेला बेत असतो. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री कल्याण-पुण्याकडून गाडी धरायची, सकाळी सोलापूर किंवा अक्कलकोट रोडला उतरायचं, वटवृक्ष मंदिरात स्वामी समर्थांचं दर्शन घ्यायचं, अन्नछत्रात प्रसाद घ्यायचा आणि जमलं तर तुळजापूर किंवा गाणगापूर गाठून परत फिरायचं. परतल्यावर आठवण होते ती पगारपत्रकातल्या ‘एलटीए’ या रकान्याची. ‘या खर्चाची बिलं लावता येतील का?’ असा प्रश्न मग ऑफिसच्या अकाउंट्स खात्याकडे जातो. उत्तर बहुतेक वेळा ‘लावता येतील, पण सगळी नाही’ असं असतं. ‘सगळी नाही’ म्हणजे नेमकी किती, आणि लावता येत असली तरी लावावीत का, हे दोन प्रश्न इथे सोडवून पाहू.

पगाराबरोबर कंपनी जो रजा प्रवास भत्ता देते तो मुळात करपात्र उत्पन्नच असतो. कर्मचारी रजा घेऊन भारतात कुठे तरी कुटुंबासह फिरून आला, तर त्या भत्त्यातला प्रवासभाड्यापुरता भाग करमुक्त होतो. १९६१च्या आयकर कायद्यात हे कलम १०(५) मध्ये सांगितलं आहे आणि भाड्याच्या मर्यादा १९६२च्या नियमावलीतल्या नियम २बी मध्ये आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची एलटीसी किंवा राज्य कर्मचाऱ्यांच्या तोंडी असणारी ‘स्वग्राम’ आणि ‘महाराष्ट्र दर्शन’ सवलत ही त्या त्या सेवेची सोय आहे. तिच्यात मूळ गावी जायचं की इतरत्र, याचे वेगळे नियम आहेत. आयकराला तुमचं मूळ गाव कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. ठिकाण भारतात असलं की झालं.

या सवलतीत एक शब्द सारखा विसरला जातो: भाडं. सूट सहलीवर नाही, भाड्यावर आहे. अक्कलकोटच्या भक्तनिवासातल्या खोलीची पावती, हॉटेलचं बिल, देवळापर्यंतची रिक्षा, अभिषेकाची पावती, यातलं काहीही मोजलं जात नाही. घरापासून गावापर्यंत आणि परत, एवढ्याच प्रवासाचा खर्च धरतात आणि त्यालाही वरून टोपी घातलेली असते.

रजा होती का?

भाड्याकडे वळण्यापूर्वी एक अट पाहायला हवी, कारण अक्कलकोटच्या फेरीत दावा बहुतेकदा तिथेच अडकतो. कायद्याने ही सवलत ‘रजेवर जाण्याच्या निमित्ताने’ केलेल्या प्रवासाला दिली आहे. शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी आणि दहाला ऑफिसात, असा प्रवास केला तर रजेच्या नोंदीत काहीच दिसत नाही. तिकीट खरं, दर्शन खरं, पण रजाच नाही. अकाउंट्सवाले तिकिटाच्या तारखा रजेच्या नोंदीशी ताडून बघतात. म्हणून शुक्रवार किंवा सोमवारची एक तरी रजा मंजूर करून घेतलेली हवी, आणि प्रवासाच्या तारखा तिला लागून हव्यात.

दुसरी गोष्ट, कर्मचाऱ्याने स्वतः प्रवास केलेला हवा. आईला आणि मुलांना गाडीत बसवून दिलं आणि स्वतः कामावर राहिलात, तर त्यांची तिकिटं लावता येत नाहीत.

कुटुंबात कोण?

आता एक उदाहरण घेऊ. माणसं कल्पित आहेत, पण अशी घरं प्रत्येक इमारतीत सापडतील. डोंबिवलीत राहणारा सुनील मुंबईत एका खासगी कंपनीत आहे. घरात पत्नी मनीषा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सुनीलची आई. आईला पेन्शन नाही, स्वतःचं उत्पन्न नाही. डिसेंबर २०२५च्या शेवटच्या आठवड्यात सुनीलने तीन दिवसांची रजा टाकली. मनीषाची आईही बरोबर आली, म्हणून सहा जणांसाठी चालकासह मोठी गाडी ठरवली. वाटेत पंढरपूर, मग तुळजापूर, मग अक्कलकोट आणि परत, असा बेत होता. गाडीवाल्याने पावती दिली २७,००० रुपयांची. खोल्या, चहा-नाश्ता, पूजा यांचे आणखी १३,००० झाले. सुनीलला कंपनीकडून त्या वर्षी एलटीए मिळतो ४०,००० रुपये. खर्च ४०,००० आणि भत्ताही ४०,०००, म्हणजे हिशेब बरोबर जुळला, असं त्याला वाटलं.

तसं नाही. खोल्या आणि पूजा गेल्या, उरले २७,०००. आता गाडीतली माणसं पाहू. या सवलतीपुरतं कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि मुलं. आई-वडील आणि भाऊ-बहीण येतात, पण ते कर्मचाऱ्यावर पूर्णपणे किंवा मुख्यतः अवलंबून असतील तरच. सुनीलची आई बसते. तिला स्वतःची चांगली पेन्शन असती, तर बसली नसती. मनीषाची आई कुठल्याच परिस्थितीत बसत नाही, कारण सासू-सासरे व्याख्येतच नाहीत. मुलांबाबतही एक मर्यादा आहे. १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेल्या दोनच हयात मुलांचा प्रवास धरला जातो. पहिल्या अपत्यानंतर जुळं किंवा तिळं झालं, तर मात्र ही मर्यादा आडवी येत नाही.

सहापैकी पाच जण कुटुंबातले. सासूबाईंचा सहावा वाटा, म्हणजे ४,५०० रुपये काढले तर गाडीचा खर्च राहतो २२,५००. पण हाही आकडा अखेरचा नाही, कारण आता मर्यादेची टोपी येते.

टोपी कशी बसते?

नियम २बी प्रवासाचे दोन मोठे प्रकार करतो. विमानाने गेलात, तर राष्ट्रीय विमान कंपनीच्या इकॉनॉमी वर्गाचं, सर्वांत जवळच्या मार्गाचं भाडं ही मर्यादा. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, तरी नियमातले ‘राष्ट्रीय विमान कंपनी’ हे शब्द तसेच राहिले. व्यवहारात तुलना एअर इंडियाच्याच इकॉनॉमी भाड्याशी करतात.

विमान सोडून दुसऱ्या कशानेही गेलात आणि निघायचं व पोचायचं ठिकाण रेल्वेने जोडलेलं असेल, तर रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाचं, सर्वांत जवळच्या मार्गाचं भाडं ही मर्यादा. इथे ‘दुसऱ्या कशानेही’ हे महत्त्वाचं आहे. तुम्ही एसटीने जा, भाड्याच्या गाडीने जा, नाही तर शयनयान डब्यातून जा, टोपी फर्स्ट एसीचीच. रेल्वे नसेल पण मान्यताप्राप्त सार्वजनिक वाहतूक असेल, तर तिच्या प्रथम किंवा डिलक्स वर्गाचं भाडं धरतात. दोन्ही नसेल, तर तेवढं अंतर रेल्वेने कापलं असं समजून फर्स्ट एसीचं भाडं लावतात.

अक्कलकोट यातल्या कोणत्या खणात बसतं? गाव लोहमार्गावर नाही. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या मार्गावरचं ‘अक्कलकोट रोड’ हे स्टेशन गावापासून काही किलोमीटर बाहेर आहे. तिथून पुढे एसटी, जीप किंवा रिक्षा. व्यवहारात गावाचं स्टेशन तेच मानून कल्याण ते अक्कलकोट रोड हे फर्स्ट एसीचं भाडं मर्यादा म्हणून घेतात. सोलापूरला उतरून चाळीसेक किलोमीटर रस्त्याने आलात, तरी तीच मोजपट्टी लागते. स्टेशन ते गाव या शेवटच्या तुकड्याचं भाडं इतकं किरकोळ असतं की त्यावरून वाद घालण्यात हशील नाही. एसटीचं तिकीट असेल तर जोडावं, रिक्षाचं सोडून द्यावं.

आता पंढरपूर आणि तुळजापूर. लोकांना वाटतं, एवढं फिरलो तर किलोमीटरही तेवढे धरतील. नियम वेगळा आहे. अनेक ठिकाणं केली, तर निघालेल्या जागेपासून सर्वांत दूरच्या ठिकाणापर्यंतच्या जवळच्या मार्गाचं भाडं मोजतात, जाण्याचं आणि परतीचं. कल्याणहून अक्कलकोटचा जवळचा लोहमार्ग पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर असा जातो. पंढरपूर कुर्डुवाडीहून आडवं आत, मिरजेच्या मार्गावर आहे. तुळजापूर सोलापूरहून उत्तरेला. ही दोन्ही वळणं प्रवासात चालतात, दावा त्यामुळे बाद होत नाही, पण मर्यादेत त्यांची भर पडत नाही. सुनीलचं कुटुंब पुढे गाणगापूरला गेलं असतं, तर सर्वांत दूरचं ठिकाण गाणगापूर ठरलं असतं आणि मर्यादा गाणगापूर रोड स्टेशनपर्यंत लांबली असती. म्हणजे बेतातलं एकच ठिकाण टोपीचा आकार ठरवतं.

हिशेबासाठी कल्याण ते अक्कलकोट रोड फर्स्ट एसीचं भाडं माणशी २,००० रुपये धरू. दावा करताना हा आकडा प्रवासाच्या तारखेचा रेल्वेच्या संकेतस्थळावरून घेऊन त्याचं पान छापून ठेवावं. सुनील, मनीषा, आई आणि मुलगी अशी चार तिकिटं होतात. मुलगा पाच वर्षांखालचा असल्याने स्वतंत्र बर्थ न घेता रेल्वेत त्याला तिकीट लागत नाही, म्हणून त्याचं भाडं शून्य. चार माणसं, दोन्ही बाजू मिळून १६,००० रुपये.

करमुक्त रक्कम म्हणजे तीन आकड्यांतला सर्वांत लहान आकडा: मिळालेला भत्ता ४०,०००, कुटुंबाचा प्रत्यक्ष प्रवासखर्च २२,५०० आणि मर्यादा १६,०००. सुनीलला सूट १६,०००ची. भत्त्यातले उरलेले २४,००० पगारात मिळून करपात्र.

इथे उलटी चूकही होते. हेच कुटुंब थर्ड एसीने गेलं असतं आणि माणशी ९५० रुपये एका बाजूला पडले असते, तर प्रत्यक्ष खर्च ७,६०० झाला असता. तेव्हा ‘मर्यादा १६,००० आहे ना, मग तेवढे द्या’ असं म्हणता आलं नसतं. टोपी म्हणजे कमाल आकडा आहे, हक्काची रक्कम नव्हे. खर्च झाला तेवढाच मिळतो.

कागद कोणते?

कर्मचाऱ्याने भत्ता खरोखर प्रवासावर खर्च केला की नाही, याचे पुरावे गोळा करायला मालक बांधील आहे का, हा प्रश्न लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कायद्यात तशी सक्ती नाही. सरकारने मग कायदाच बदलला. २०१५च्या वित्त कायद्याने कलम १९२ मध्ये पोटकलम आणलं आणि १ जून २०१६ पासून फॉर्म १२बीबी आला. त्यात एलटीएची रक्कम आणि तिचे पुरावे द्यावे लागतात. तेव्हापासून कंपन्या तिकीट पाहिल्याशिवाय सूट देत नाहीत, कारण टीडीएस कमी कापला गेला तर जबाबदारी त्यांच्यावर येते.

रेल्वेने गेलात तर ई-तिकीट पुरतं, त्यावर सगळ्यांची नावं आणि वयं असतात. प्रतीक्षा यादीत राहून आपोआप रद्द झालेलं तिकीट मात्र चुकून लावू नका, त्याचे पैसे तुम्हाला परत मिळालेले असतात. विमानाला तिकिटाबरोबर बोर्डिंग पास ठेवावा. भाड्याच्या गाडीची पावती हाताने खरडलेल्या चिठ्ठीसारखी नको. तीवर गाडीचा नंबर, तारखा, कुठून कुठे, किलोमीटर आणि पैसे कसे दिले याची नोंद हवी. स्वतःच्या गाडीने गेलात, तर पेट्रोलची बिलं आणि टोलच्या नोंदी दाखवून दावा करतात, पण अनेक कंपन्या तो घेत नाहीत. निघण्यापूर्वी अकाउंट्समध्ये विचारून घेतलं की पुढची कटकट वाचते.

खोटी पावती लावणं धाडसाचं नाही, महागाचं काम आहे. उत्पन्न जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं, तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आजकाल फास्टॅगची नोंद आणि गाडीची पावती जुळते का, हे पाहायला फार वेळ लागत नाही.

परदेशाची आडवाट

पंढरपूरची आडवाट चालते, मग सिंगापूरची का नाही? हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो सर्वोच्च न्यायालयात लढवला गेला आहे. स्टेट बँकेच्या काही अधिकाऱ्यांनी एलटीसीवर दिल्लीहून मदुराई, तिथून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो आणि मग दिल्ली असा प्रवास केला होता. बँकेचं म्हणणं साधं होतं: आम्ही परदेशाच्या टप्प्याचे पैसे दिलेच नाहीत, दिल्ली ते मदुराई या जवळच्या मार्गाचं भाडं तेवढं दिलं, ते तर नियमातच आहे.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने हे मान्य केलं नाही. कलमात प्रवास ‘भारतातील कोणत्याही ठिकाणी’ असा आहे, आणि ठरवलेलं ठिकाण भारतात असलं तरी वाटेत परदेश घातला की तो प्रवास भारतातला राहत नाही, असा निकालाचा गाभा आहे. शिवाय मदुराईला जायचा जवळचा मार्ग सिंगापूरवरून जात नाही, हे तर उघडच होतं. बँकेने टीडीएस कापायला हवा होता, तो कापला नाही म्हणून ती कसूरदार ठरली.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी: देशातल्या देशात वळसा घातला, तर फक्त वळशाचं भाडं जातं, दावा टिकतो. परदेशाचा टप्पा घातला, तर सगळा दावाच जातो.

चार वर्षं, दोन प्रवास

आता मोठा प्रश्न: सुनीलने हे १६,००० लावावेत का?

सवलत दर वर्षी मिळत नाही. १९८६ पासून चार-चार कॅलेंडर वर्षांचे गट पाडले आहेत. त्यांना ब्लॉक म्हणतात. २०१८-२१ हा एक, २०२२-२५ हा पुढचा आणि २०२६-२९ हा त्यानंतरचा. एका ब्लॉकमध्ये दोन प्रवासांवरच सूट. दोन्ही एकाच वर्षात केले तरी हरकत नाही. नोकरी बदलली, तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही, कारण ब्लॉक माणसाचा असतो, कंपनीचा नाही. पती-पत्नी दोघं नोकरी करत असतील आणि दोघांना एलटीए असेल, तर प्रत्येकाचे आपापले दोन प्रवास मोजतात, पण एकाच तिकिटावर दोघांना दावा करता येत नाही.

या मोजणीत रक्कम पाहत नाहीत. ५,००० रुपयांचा दावा केला तरी एक प्रवास खर्ची पडतो आणि ५०,०००चा केला तरी एकच. म्हणून जवळच्या फेऱ्यांवर दावा लावण्याची घाई अंगाशी येऊ शकते. अक्कलकोटला वर्षाला दोनदा जाणाऱ्याने सुरुवातीच्या दोन्ही फेऱ्या लावून टाकल्या, तर तिसऱ्या वर्षी विमानाने केलेल्या लांबच्या प्रवासाला हाती काही राहत नाही.

न वापरलेला प्रवास थोडा पुढे ढकलता येतो. ब्लॉकमध्ये एक किंवा दोन्ही प्रवास राहून गेले, तर त्यातला एक पुढच्या ब्लॉकच्या पहिल्याच कॅलेंडर वर्षात वापरता येतो, आणि तो नव्या ब्लॉकच्या दोनांत धरला जात नाही. दोन्ही राहिले म्हणून दोन पुढे जात नाहीत. २०२२-२५ मधला उरलेला प्रवास ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केला तर चालतो, जानेवारी २०२७ मध्ये तो संपलेला असतो.

घोळ होतो तो वर्षांचा. ब्लॉक जानेवारी ते डिसेंबर चालतो आणि कराचं वर्ष एप्रिल ते मार्च. डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ हे दोन महिने कराच्या एकाच वर्षात येतात, पण वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये. सुनीलच्या निर्णयाची किल्ली इथेच आहे.

सुनीलने २०२३ मध्ये कुटुंबाला विमानाने कोचीला नेलं होतं आणि तो दावा लावला होता. २०२२-२५ मधला त्याचा एक प्रवास शिल्लक आहे. अक्कलकोट डिसेंबर २०२५ मध्ये झालं. जानेवारी २०२६ मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या सोमवारला जोडून रजा काढून सगळे गुवाहाटीला जाणार आहेत. विमानाचं भाडं माणशी एका बाजूला ६,००० धरू. इथे चार वर्षांच्या मुलालाही तिकीट लागतं, म्हणून पाच जणांचे दोन्ही बाजू मिळून ६०,००० होतात. राष्ट्रीय विमान कंपनीचं भाडं याहून जास्त आहे असं धरलं, तरी भत्ताच ४०,०००चा असल्याने सूट ४०,०००ची.

दोन वाटा आहेत. पहिली: अक्कलकोटचे १६,००० लावायचे, २०२२-२५चा प्रवास संपवायचा आणि गुवाहाटीवर उरलेल्या २४,०००चा दावा करायचा. एकूण सूट ४०,०००, पण गुवाहाटीचा प्रवास २०२६-२९ या ब्लॉकमधून गेला, तिथे आता एकच उरला. दुसरी: अक्कलकोटचा दावा सोडून द्यायचा, शिल्लक प्रवास पुढे ओढायचा आणि गुवाहाटीवर एकदाच ४०,०००चा दावा करायचा. एकूण सूट तीच ४०,०००, आणि २०२६-२९चे दोन्ही प्रवास शाबूत. त्या वर्षीचा कर दोन्ही वाटांनी सारखाच, पण पुढच्या चार वर्षांत दुसरी वाट एक पूर्ण प्रवास जास्त देते.

गुवाहाटीचा बेत नसता आणि २०२६ मध्ये दुसरा कुठला मोठा प्रवासही ठरला नसता, तर उत्तर उलट आलं असतं. उरलेला प्रवास वाया जाण्यापेक्षा अक्कलकोटचे १६,००० लावलेले बरे. म्हणजे दावा लावावा की नाही हे त्या फेरीच्या बिलावर ठरत नाही. पुढच्या वर्षभरात कुठे जायचं आहे, यावर ठरतं.

पण आधी करपद्धत पाहा

हे सगळं गणित जुन्या करपद्धतीतलं आहे. नव्या पद्धतीत एलटीएची सूटच नाही, आणि २०२३-२४ पासून काही न कळवल्यास नवीच पद्धत लागू धरली जाते. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला ७५,०००ची प्रमाणित वजावट धरून तो आकडा पावणेतेरा लाखांवर जातो. एवढा किंवा याहून कमी पगार असलेल्याने एलटीएची तिकिटं जपण्याची गरज सहसा नाही.

सुनीलचा पगार भत्त्यासह १६ लाख आहे. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावटीनंतर १५,२५,००० वर उपकरासह कर होतो १,१३,१०० रुपये. जुन्या पद्धतीत घरभाडं, ८०सी, आरोग्य विमा, एनपीएस असं सगळं मिळून त्याची ६,४०,००० वजावट होते आणि ९,६०,००० वर कर होतो १,०८,६८०. फरक जेमतेम साडेचार हजारांचा. त्यात एलटीएची ४०,०००ची सूट जोडली की २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर या हिशेबाने आणखी ८,३२० रुपये वाचतात. नुसतं अक्कलकोट लावलं असतं, तर वाचले असते ३,३२८. त्याची वजावट पन्नास हजारांनी कमी असती, तर जुनी पद्धत एलटीएशिवाय तोट्यात गेली असती, आणि अक्कलकोटची पावती तो तोटा भरून काढायला पुरली नसती. म्हणून आधी दोन्ही पद्धतींचा कर काढायचा, मग एलटीएची फाइल उघडायची.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५च्या आयकर कायद्याने घेतली आहे. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे त्या तारखेनंतरच्या दाव्यासाठी अकाउंट्सकडून ताजा फॉर्म मागून घ्यावा. जानेवारी २०२६ची गुवाहाटी जुन्या कायद्यातच बसते. सुनीलने जानेवारी संपताना तिकिटं, बोर्डिंग पास आणि रजेचा मंजुरी-मेल एवढं द्यावं, दाव्यात ‘२०२२-२५ मधील शिल्लक प्रवास’ असं स्पष्ट लिहावं आणि त्याची एक प्रत २०२९ पर्यंत जपावी. मधल्या काळात नोकरी बदलली, तर नव्या ठिकाणी ‘या ब्लॉकमध्ये किती प्रवास वापरले?’ असं विचारतील, तेव्हा उत्तर त्या कागदातच असेल.